संपादन प्रेरणा आणि उद्योजकाचे गुण

प्रश्न: संपादन प्रेरणा जास्त असली की माणूस उद्योजक होतो, हे परीक्षेत ठामपणे लिहू का? त्यावर टीका काय?

ठामपणे नको. संपादन प्रेरणा म्हणजे काम उत्तम करून दाखवायची ओढ. मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांच्या मते ती जास्त असलेली माणसं जुगार खेळत नाहीत. खुंटीवर कडी टाकायच्या खेळात ती अगदी जवळ उभी राहत नाहीत, फार लांबही नाही. कष्टाने जमेल अशा मध्यम अंतरावर राहतात. जबाबदारी स्वतःची आणि निकाल लगेच कळणारा, असं काम त्यांना आवडतं. हे निरीक्षण मला आजही मोलाचं वाटतं.

पण आता वेंगुर्ल्याकडे या. काजू बी उन्हाळ्याच्या हंगामात येते, म्हणून कारखानदाराला वर्षभराचा माल तेव्हाच भरून ठेवावा लागतो. समजा दोघींची प्रेरणा चाचणीत सारखीच निघाली. एकीची जमीन तिच्या एकटीच्या नावावर, म्हणून तारण ठेवून खेळतं भांडवल मिळालं. दुसरीच्या सातबाऱ्यावर चुलत्यांसकट सगळ्यांची नावं, त्यातले काही मुंबईला; सह्याच जमेनात. तिची बी दोन महिन्यांत संपते, पुढे भट्टी थंड. चाचणीला हा फरक दिसतच नाही.

दुसरी अडचण काळाची. बहुतेक अभ्यासांत आधीच धंद्यात असलेल्यांना तपासतात. मग आत्मविश्वासामुळे धंदा झाला की धंद्यामुळे आत्मविश्वास आला, हे कसं ठरवणार? शिवाय बंद पडलेले त्या नमुन्यात नसतातच. म्हणूनच उद्योजकतेचे अभ्यासक गार्टनर यांनी 1988 मध्ये मांडलं, की उद्योजक कोण हे विचारण्यापेक्षा तो उद्योग उभारताना काय करतो ते पाहा. उत्तरात मी यालाच जास्त जागा देईन.