वहीतल्या वैतागाचा विनोद कसा करायचा

प्रश्न: रोजची निरीक्षणं वहीत लिहितो, पण नंतर वाचताना ती नुसती तक्रार वाटते. त्यातल्या एखाद्या छोट्या वैतागाचा विनोद करायची सोपी पद्धत आहे का?

उत्तर:

आहे, आणि ती नोंद कशी लिहिता इथूनच सुरू होते. "आज पुन्हा पाण्याचा वैताग" या नोंदीचा विनोद होणार नाही, कारण तिच्यात चिडचिड आहे, घडलेलं काहीच नाही. नोंद अशी हवी: "सोसायटीत 10 ला पाणी गेलं. पाणी बंद राहणार असल्याची सूचना ग्रुपवर 10:15 ला आली. खाली बऱ्याच जणांनी हात जोडलेले. एकाने विचारलं, कधी गेलं?" म्हणजे वेळ, लोकांचे नेमके शब्द आणि डोळ्यांना दिसलेली एखादी बारीक गोष्ट. ऐकलेले शब्द त्याच दिवशी उतरवा. दुसऱ्या दिवशी वाक्याचा आशय आठवतो, शब्द आठवत नाहीत. नोंदी उजव्या पानावर लिहा आणि डावं पान कोरं ठेवा, विनोदाची जुळवाजुळव तिथे होते.

विनोद मात्र त्याच दिवशी करायला घेऊ नका. आठवड्याने वही उघडा आणि असा वैताग निवडा जो एका वाक्यात सांगता येतो आणि ऐकणाऱ्याला समजावून द्यावा लागत नाही. वरचा पाण्याचा वैताग या दोन्ही अटींत बसतो.

आता डाव्या पानावर, या प्रसंगात ऐकणारा मनात काय गृहीत धरतो ते लिहा. सूचना म्हटली की ती आधी येते. ती वाचून माणूस काहीतरी तयारी करतो, बादल्या भरून ठेवतो. पाठवणाऱ्याला लोकांची काळजी असते. इतकं साधं वाटतं म्हणून ही पायरी गाळू नका. विनोद यातलं एखादं गृहीतक मोडूनच होतो. इथे पहिलंच मोडलेलं आहे. मग स्वतःला विचारा: सगळं होऊन गेल्यावर येणारा संदेश कोणता असतो? निकाल, पावती, सांत्वन, शोकसंदेश. मी यातला शोकसंदेश घेईन. सांत्वनही चाललं असतं, पण शोकसंदेश हा सूचनेसारखाच लिहून पाठवायचा मजकूर असतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चपखल बसतो.

मांडणी:

"आमच्याकडे पाणी जातं दहाला. त्याची सूचना येते सव्वादहाला. ती सूचना नसते, शोकसंदेश असतो."

धक्का देणारा शब्द जितका शेवटी तितकं बरं. मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, त्यामुळे हा शब्द सहज शेवटापासून दूर ढकलला जातो. "सूचनेऐवजी शोकसंदेशच पाठवल्यासारखं वाटतं" असं म्हटलंत तर हशा यायच्या वेळी तुम्ही अजून बोलतच असता. "असतो" एवढं छोटं क्रियापद चालतं. "अक्षरशः", "म्हणजे बघा" असे शब्द काढून टाका.

यानंतर नोंदीकडे परत जा. शोकसंदेश ठरल्याबरोबर, आधी बिनकामाचे वाटलेले तपशील कामाला येतात:

"खाली लोकांनी हात जोडलेले असतात. एकजण विचारतो, 'कधी गेलं?' सेक्रेटरी लिहितात, 'दहाला. अचानक.'"

यातली शेवटची ओळ वहीत नव्हती, ती रचलेली आहे. असं रचायला हरकत नाही, पण ते मूळ कल्पनेच्या पोटातून आलं पाहिजे. इथेच पाण्याचं बिल किंवा टँकरचे दर घुसवले तर शोकसंदेश विसरला जातो आणि पुन्हा तक्रार सुरू होते. त्या ओळी खऱ्या असल्या तरी दुसऱ्या विनोदासाठी ठेवा.

पाठ झाल्यावर दोन-तीन जणांना वेगवेगळं, तोंडी सांगा. वाचून दाखवू नका, कारण वाचताना लिहिलेली लांब वाक्यंही खपून जातात. समोरचा "हो ना, आमच्याकडेही असंच!" म्हणाला आणि हसला नाही, तर वैताग ओळखीचा आहे पण गृहीतक मोडलेलं नाही, डाव्या पानावर परत जाऊन दुसरं निवडा. "म्हणजे?" असं विचारलं, तर सुरुवातीच्या वाक्यात माहिती कमी पडली, बहुधा दहा आणि सव्वादहा हे आकडे नीट ऐकू गेले नाहीत. शेवटच्या शब्दाच्या आधीच हसला, तर धक्का आधी फुटला आहे. तो कुठे फुटला ते शोधून त्यानंतरचे शब्द कापा. आणि विशिष्ट वॉचमन किंवा शेजारी ओळखून हसला, तर अनोळखी माणसाला तोच विनोद कळेल याची खात्री धरू नका. तुमच्या सोसायटीत कधीच न आलेल्या कुणाला तरी सांगून बघा.