बाबांचं पत्र, मुलीची आकडेमोड

“मुलगी पदवीधर झाली, नोकरीला लागली. बचतीचं नाव काढलं की म्हणते, ‘बाबा, पगार वाढू दे, तिशीनंतर बघू.’ कसं समजवायचं?”

हे विचारणारे वडील मुलुंडचे. असे आई-बाबा माझ्याकडे सतत येतात. मुलीला लिहिलेलं पत्र त्यांनी सोबतच आणलं होतं. दोन पानं, सगळी ‘आमच्या वेळी’ने भरलेली. मी म्हटलं, “उपदेश काढून टाका. नुसता हिशेब लिहा, तिला तपासता येईल असा.” उपदेश तपासता येत नाही, म्हणून मुलं तो कानाआड करतात, हे माझं ठाम मत आहे.

नवं पत्र असं झालं:

“चि. सोनू, अनेक आशीर्वाद. दोन मैत्रिणी धर. पहिली २२व्या वर्षापासून दरवर्षी ६० हजार टाकते आणि १० वर्षांनी थांबते. एकूण ६ लाख. दुसरी ३२व्या वर्षी सुरू करते आणि साठीपर्यंत तेवढेच टाकत राहते. एकूण १६ लाख ८० हजार. ८ टक्के चक्रवाढ धरली, तर साठीला पहिलीकडे सुमारे ७५ लाख होतात, दुसरीकडे ५७ लाख. कारण बत्तिशीत पहिलीकडे ८ लाख ६९ हजार जमलेले असतात. पुढच्याच वर्षी त्यावर जवळपास ७० हजार व्याज येतं, म्हणजे दुसरीच्या हप्त्याहून जास्त. मग ती हिला गाठणार कधी?”

पुढच्या भेटीला मुलगीही आली, हातात आकडेमोडीचा कागद. “बाबा, ६ टक्के धरले तर दुसरी थोडी पुढेच जाते. आणि बचत खात्यात ३ टक्के धरले तर पहिलीकडे १६ लाखही होत नाहीत, दुसरीकडे जवळपास २६ लाख होतात.”

वडिलांचा चेहरा उतरला. मला मात्र फार आनंद झाला. ‘बचत करू का’ हा प्रश्न मागे पडून ती ‘पैसे कुठे ठेवू’ यावर वाद घालत होती. हिशेब तिचा झाला होता, आणि शिवाय तो बरोबर होता. लवकर सुरुवात केली, तरी पैसा नुसता बचत खात्यात पडून राहिला तर हाती घेतलेली आघाडी जाते.

मग बाप-लेकीने पीपीएफचा ७.१ टक्के दर घालून पाहिला. तोच दर कायम राहिला असं धरलं, तर पहिलीकडे सुमारे ५७ लाख, दुसरीकडे ४९. खातं १५ वर्षांचं असतं, त्यामुळे दहानंतर थांबलं तरी ते चालू ठेवायला वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात. पंधरा वर्षांनंतर काही न भरताही मुदत वाढवता येते, व्याज सुरूच राहतं. व्याज मिळतं ते महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर, म्हणून पैसे पाचच्या आत जायला हवेत.

मुलीने फोनवर ३ तारीख लावली, महिना ३ हजार.

“पाच हजार का नाही?” वडिलांच्या तोंडून निघालंच.

मी त्यांना थांबवलं. रक्कम तिने ठरवायची होती.