पहाटेचा ८७

“वडील बँकेतून निवृत्त झालेत, सोलापुरात असतात. घड्याळ मीच दिलं. आता रोज सकाळी स्क्रीनशॉट येतो. त्यातल्या एकात : रात्री नाडी ४९, ऑक्सिजन ८७. ‘हे काय गं?’ विचारतात. ते घाबरू नयेत म्हणून काय लिहू?”

मला हे विचारणारी मुलगी तोवर वडिलांना ‘काही नाही हो, टेन्शन घेऊ नका’ एवढंच लिहायची. जन्मभर खातेवह्या जुळवलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की पोरगी काहीतरी लपवतेय असंच वाटतं. मग ते रात्री उठून घड्याळ बघायला लागले.

मेसेजआधी मी तिला आईला फोन करायला सांगितलं. घोरतात का, मध्येच श्वास अडकून दचकतात का, दिवसा पेपर वाचताना डुलक्या येतात का? जागेपणीचा चांगला आकडा झोपेतलं काही सांगत नाही, म्हणून हे विचारावंच लागतं. आई म्हणाली, घोरणं नाही. पण उकाड्यात घाम येतो म्हणून पट्टा सैल असतो, आणि डावा हात उशीखाली.

मग तिने लिहिलं :

“अप्पा, स्क्रीनशॉट नीट बघितले. ४९ ही गाढ झोपेतली नाडी आहे, झोपेत ती उतरतेच. त्यात तुमची बीपीची गोळी नाडी कमी करणारी आहे. उठल्यावर तुमच्याच घड्याळात ६४ दिसतेय. ८७ हा आकडा एकदाच आलाय, पुढेमागे ९५-९६ आहे. घड्याळ कातडीवर उजेड टाकून परत आलेल्या उजेडावरून अंदाज बांधतं. पट्टा सैल असला, हात दबला, की अंदाज चुकतो. आज पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नीट बसेल असा बांधा. सकाळी चहाआधी पाच मिनिटं खुर्चीत शांत बसून बोटाचं ऑक्सिमीटर लावा. कोविडमधलं कपाटात आहे, सेल बदला. ९५ किंवा जास्त आलं तर तेवढंच कळवा. दोनदा लावूनही ९४ किंवा कमी आलं, तर डॉक्टरांना फोन करू. ४९ चं पुढच्या तपासणीत विचारूच, तोवर गोळी मनाने बंद करू नका. चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला, तर मात्र आकडा न बघता आईला उठवा.”

गोळीचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. नाडी कमी दिसली की गोळी परस्पर बंद करणारे बरेच भेटतात. शेवटचं वाक्य तिला भीतीदायक वाटत होतं. मला उलट वाटतं. कधी घाबरायचं हे ठरलेलं असलं की बाकीच्या वेळी झोप लागते.

अप्पांचं उत्तर आलं : “९७. सेल दोन लागले. पट्टा घट्ट केला तर खाज येते, त्याचं काय?”

पट्टा नीट बसूनही रात्रीचा आकडा वारंवार ९० च्या खाली गेला असता, किंवा आईने श्वास अडकल्याचं सांगितलं असतं, तर मी मेसेजच्या मजकुरात वेळ घालवला नसता. झोपेच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडेच पाठवलं असतं.