हरितद्रव्य नाही एवढ्यावरून बुरशी ठरत नाही

प्रश्न: "यीस्ट, बुरशी आणि मशरूम यांना वनस्पतींतून बाहेर का काढलं? दोघांच्याही पेशींना भित्तिका असते, दोघंही जागचे हलत नाहीत, मशरूम तर मातीतूनच उगवतं. आमच्या पुस्तकात 'हरितद्रव्य नसते' एवढं एकच कारण दिलंय. तेवढं पुरेसं आहे का? आणि सूक्ष्मदर्शकाखाली फरक कसा ओळखायचा?"

पुरेसं नाही. हरितद्रव्य नसलेल्या अस्सल वनस्पती आहेत, आणि त्यांच्यातली एक तर या प्रश्नासाठीच जन्माला आली असावी असं वाटतं. तिचं नाव मोनोट्रोपा युनिफ्लोरा. जंगलात पालापाचोळ्यातून वीतभर उंचीचा, पांढराफटक, मेणासारखा दिसणारा दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला मान खाली घातलेलं एक फूल असतं. हिरवा रंग औषधालाही नाही. लांबून बघणारा तिला बिनधास्त मशरूम म्हणेल. गंमत अशी, की तिच्या आसपास रुसुला नावाचं खरंखुरं मशरूमही उगवतं आणि ही वनस्पती त्याच रुसुलाच्या तंतूंवर जगते. तेव्हा या दोघांनाच शेजारी ठेवून बघू. यीस्ट आणि पावावरची बुरशी मध्ये मध्ये येतील.

आधी भित्तिका. मोनोट्रोपाच्या पेशीभोवती सेल्युलोज आहे, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. रुसुलाच्या पेशीभोवती कायटिन आणि ग्लुकान आहेत. ग्लुकान म्हणजेही ग्लुकोजच्याच साखळ्या, पण वेगळ्या तऱ्हेने जोडलेल्या. कायटिनची साखळी सेल्युलोजसारखीच गुंफलेली असते, कड्यांची जोडणीही तीच, पण प्रत्येक कडीवर नायट्रोजन असलेला एक जास्तीचा गट लटकत असतो. कीटकांच्या कवचातही हेच कायटिन असतं. पुस्तकं बहुतेक वेळा इथेच थांबतात. पण बुरशीच्या भित्तिकेत वजनाने सर्वांत जास्त भरतं ते बहुधा ग्लुकान. यीस्टमध्ये तर कायटिन जेमतेम एक-दोन टक्के असतं आणि तेही मुख्यतः एकाच ठिकाणी साठलेलं. यीस्टच्या पेशीला कळी फुटते तेव्हा कळीच्या मानेभोवती कायटिनचं कडं तयार होतं. कळी सुटून गेली की ते कडं आईच्या अंगावर व्रणासारखं राहतं. कायटिनला चिकटणारा चमकता रंग घालून बघितलं तर जुन्या पेशीवर अशी अनेक गोल कडी दिसतात आणि तिने किती पिल्लं टाकली ते सरळ मोजता येतं. वनस्पतीची पेशी अशी कळी टाकत नाही. ती मध्ये आडवी भिंत घालून दोन भाग करते आणि दोन्ही भाग तिथेच एकमेकांना चिकटून राहतात.

भित्तिका बांधण्याची जागाही वेगळी आहे, आणि माझ्या मते हा फरक रसायनापेक्षा मोठा. वनस्पतीची पेशी साधारण सगळ्या अंगाने फुगते आणि सेल्युलोज तिच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी विणलं जातं. बुरशीचा तंतू वाढतो तो फक्त टोकाला. टोकाशी भित्तिका कोवळी असते, आतला पाण्याचा दाब तिला पुढे ढकलतो, आतून छोट्या पिशव्या येऊन नवा माल ओततात. थोडं मागे कायटिन आणि ग्लुकान एकमेकांत बांधले जाऊन भिंत कडक होते. म्हणून तंतू फुगत नाही, तो घुसतो. मशरूमचं सगळं शरीर अशाच तंतूंच्या गुंत्यातून उभं राहतं. रुसुलाचा देठ मोडला तर खडूसारखा कट्‌कन तुटतो, रेषा निघत नाहीत, कारण त्यात तंतूंपासूनच बनलेल्या गोल फुगीर पेशींचे पुंजके भरलेले असतात. मोनोट्रोपाचा दांडा आडवा कापला तर पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे गट दिसतात. रुसुलात तसं काही सापडणार नाही.

आता पोषण. इथे "परपोषी" हा एक शब्द लिहून मोकळं होता येत नाही, कारण मोनोट्रोपाही परपोषीच आहे. प्रश्न आहे तो खाण्याच्या पद्धतीचा.

पावावरची बुरशी, समजा ऱ्हायझोपस, घ्या. तिच्या तंतूला कडक भित्तिका आहे, त्यामुळे अमीबासारखं अन्नाचा कण गिळणं तिला शक्य नाही. पावातल्या स्टार्चचा रेणूही भित्तिकेतून आत शिरण्याइतका लहान नसतो. म्हणून ती विकरं बाहेर सोडते, स्टार्च बाहेरच तुटतं आणि तयार झालेली साखर विरघळून तंतूत शोषली जाते. पचन आधी, खाणं नंतर. याचा एक परिणाम लगेच लक्षात येतो: तंतूभोवतीचं अन्न संपलं की त्याला पुढे सरकावंच लागतं, आणि टोकाला वाढणारा, सगळीकडे फांद्या फुटणारा धागा हे त्यासाठी अगदी सोयीचं शरीर आहे. दिसणाऱ्या मऊ कापसाखाली पावात दूरवर तंतू गेलेले असतात ते यामुळेच. यीस्ट हा धागा करत बसत नाही, कारण ते बहुधा साखरेच्या द्रवातच राहतं आणि अन्न आपणहून पेशीपर्यंत येतं. मात्र शोषणं तेच. रुसुला जंगलातल्या झाडांच्या मुळांभोवती तंतूंचं वेष्टण करतो, झाडाला पाणी आणि खनिजं देतो आणि झाडाकडून साखर घेतो.

मोनोट्रोपा या व्यवहारात तिसरीच येऊन बसली आहे. रुसुलाच्या तंतूंच्या बारीक खुंट्या तिच्या मुळांच्या पेशींत घुसलेल्या असतात आणि झाडाची साखर त्या वाटेने तिच्याकडे येते. एरिक ब्यॉर्कमन यांनी 1960 मध्ये याच वंशातल्या दुसऱ्या जातीवर हे दाखवलं. त्यांनी किरणोत्सारी कार्बन असलेलं ग्लुकोज झाडांत टोचलं आणि नंतर तोच कार्बन शेजारच्या मोनोट्रोपात सापडला. म्हणजे ही वनस्पती बुरशीला लुटते, पण स्वतः बुरशीसारखं खात नाही. मातीत विकरं ओतून पाचोळा विरघळवणं तिला जमत नाही. शिवाय जिथे एके काळी हरितद्रव्य असायचं ती लवकं तिच्या पेशींत अजून आहेत, नुसती रिकामी आणि काटछाट झालेली. बुरशीकडे लवकं कधी नव्हतीच. गमावणं आणि मुळात नसणं यातला हा फरक पुस्तकातल्या त्या एका ओळीत हरवून जातो.

साठवणीचं बघायचं तर वनस्पती स्टार्च साठवतात, बुरशी ग्लायकोजेन, जे प्राण्यांच्या यकृतातही असतं. आयोडीन घातल्यावर स्टार्च निळं-काळं होतं आणि ग्लायकोजेन तांबूस-तपकिरी. मात्र हा प्रयोग पावावरच्या बुरशीवर करू नका. सगळं निळं होईल, कारण ते स्टार्च पावाचं असतं. आणि रुसुला इथे आणखी एक खोडी काढतो: त्याच्या बीजाणूंवरची बारीक उंचवट्यांची नक्षी ठरावीक आयोडीन-द्रावणात चक्क निळी-काळी होते. तो रंग भित्तिकेवरच्या नक्षीचा आहे, आतल्या साठ्याचा नाही.

प्रजननात मोनोट्रोपा स्वतःची ओळख उघड करते. तिला फूल आहे, पुंकेसर आहेत, बीजांडं आहेत, आणि फळातून धुळीसारख्या बारीक बिया निघतात. बी कितीही लहान असली तरी तिच्यात मोजक्या पेशींचा का होईना, गर्भ असतो आणि तो आईच्या शरीरात वाढलेला असतो. मॉसपासून वडापर्यंत सगळ्या जमिनीवरच्या वनस्पतींत हा गर्भ सापडतो. बुरशीत कुठेच नाही.

रुसुलात काय होतं? जमिनीखाली दोन वेगवेगळे तंतू भेटतात आणि एकमेकांत मिसळतात, पण त्यांची केंद्रकं मिसळत नाहीत. प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं जोडीने राहतात, सोबत विभागतात, आणि हा संसार बराच काळ असाच चालतो. तुम्ही हातात धरता ते छत्र बहुतांशी अशा दोन-केंद्रकी पेशींचंच असतं. छत्राखालच्या पात्यांवर गदेच्या आकाराच्या पेशी असतात, तिथे कुठे केंद्रकं एक होतात, लगेच अर्धसूत्री विभाजन होतं आणि टोकावर चार बीजाणू येतात. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब जमतो. तो बीजाणूवरच्या पाण्याच्या थरात मिसळला की बीजाणू झटक्याने उडतो. उडतो तो मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाइतकाच, म्हणजे दोन पात्यांच्या मधल्या फटीत येईल एवढा, आणि मग सरळ खाली पडून वाऱ्यावर जातो. जास्त जोरात उडाला असता तर समोरच्या पात्यालाच चिकटला असता.

हे घरी बघता येतं. देठ कापून छत्र पाती खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वरून ग्लास पालथा घाला. सकाळी पात्यांच्या रेषांची बीजाणूंची नक्षी उमटलेली असते. (काळा कागद हवाच. रुसुलाचे बीजाणू पांढरे ते पिवळसर असतात, पांढऱ्यावर काहीच न दिसल्याने लोक प्रयोग फसला म्हणून टाकून देतात. आणि या रंगावरून मशरूम खाण्याजोगं आहे की विषारी हे कळत नाही, तो धंदा करू नका.) पावावरची बुरशी एवढा घाट घालत नाही. काळ्या टाचणीच्या डोक्यासारख्या पिशव्यांत ती मीलनाशिवायच बीजाणू भरते, आणि जोडीदार भेटला तरच दुसरा मार्ग धरते.

शेवटी सूक्ष्मदर्शक. कातडीला किंवा नखाला बुरशी लागली आहे का हे बघायला प्रयोगशाळेत त्यांचा खरवडा 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात. त्यात कातडी-नखं ज्याची बनलेली असतात ते केराटिन विरघळून आजूबाजूचा गाळ पारदर्शक होतो आणि बुरशीचे तंतू तसेच टिकून राहतात. मग कायटिनला चिकटणारा कॅल्कोफ्लुअर व्हाइट नावाचा रंग घालून अतिनील प्रकाशात बघितलं की ते निळसर चमकतात. नवशिके फसतात ते इथे. वर सांगितलेली जोडणी सारखी असल्याने हा रंग सेल्युलोजलाही चिकटतो आणि कपड्यातला कापसाचा धागा तितकाच झगमगतो. तेव्हा चमक बघून निकाल देऊ नका, आकार बघा. कापसाचा धागा चपटा, पीळ पडलेला, साधारण पंधरा-वीस मायक्रोमीटर रुंद असतो, त्याला फांद्या नसतात आणि आत आडपडदे नसतात. नखातल्या बुरशीचा तंतू दोन ते पाच मायक्रोमीटरचा, रुंदीने बऱ्यापैकी एकसारखा, फांद्या फुटलेला असतो आणि त्यात ठरावीक अंतरावर आडवे पडदे दिसतात. धागा चमकतोय पण फांदीही नाही आणि पडदाही नाही, असं झालं तर नवा खरवडा घेऊन पुन्हा बघा.