अरबीत ‘वक़ा’चं आज्ञार्थी रूप नुसतं ‘क़ि’ कसं?

धातूत तीन अक्षरं आहेत ना, मग एकच कसं काय उरतं?

मूळ अक्षरं व-क़-य, दोन्ही टोकं कमकुवत, म्हणजे गळणारी किंवा बदलणारी अक्षरं, म्हणून प्रत्येक टोकाला त्याचा नियम वेगळा लावायचा. वर्तमानकाळात पहिला व गळतो (वअद-यइदु सारखं) आणि शेवट रमा-यर्मी सारखा, म्हणून ‘यक़ी’. आता आज्ञार्थात शेवटची ई ऱ्हस्व होते, सुरुवातीचा ‘य’ काढला की राहिलं फक्त क़ि, म्हणजे ‘वाचव’. त्यावरच थांबायचं असेल तर आधाराला ह जोडून ‘क़िह’ म्हणतात.

कुराणातल्या ‘वक़िना अज़ाबन्नार’ मध्ये हेच क़ि आहे, पण तिथला व धातूचा नाही हं, तो ‘आणि’ आहे, इथे हमखास गोंधळ होतो. ‘रवा’ या क्रियापदात मात्र व मधे आहे, तो टिकतो, यर्वी, फक्त शेवट बदलतो.