स्थळ मी सुचवलं, आता मैत्रीण माझ्यावर चिडली आहे

प्रश्न: माझ्या ओळखीच्या मुलाशी मैत्रिणीचं लग्न ठरलं. त्याने मोठं कर्ज लपवलं होतं, लग्न मोडलं. ती सगळा राग माझ्यावर काढते. काय करू?

उत्तर: तिच्या रागाखाली बहुधा एकच प्रश्न असतो: "तुला हे माहीत होतं का?" ती विचारायची वाट न पाहता त्याचं सरळ उत्तर द्या. मेसेजवर नको, समोर बसून. "मी त्याला ऑफिसातला सहकारी म्हणून ओळखत होते. त्याच्या पैशाच्या व्यवहारांची मला कल्पना नव्हती." कुठे काही कानावर आलं असेल आणि तुम्ही बोलला नसाल, तर तेही त्याच बैठकीत सांगा, नंतर दुसऱ्याकडून कळलं तर मैत्री टिकणं कठीण.

"शेवटी निर्णय तुझाच होता ना" हे वाक्य मात्र तोंडातून निघू देऊ नका. खरं असलं तरी आत्ता ते हात झटकल्यासारखंच वाटतं.

मुलाचे निरोपही पोहोचवू नका. "तो माफी मागतोय" एवढं जरी तुमच्याकडून गेलं, तरी तुम्ही त्याच्या बाजूच्या ठरता. दिलेल्या वस्तू परत आणायच्या असतील तर ती म्हणेल तेव्हा सोबत जा. ती चारचौघांत तुम्हाला बोल लावू लागली, तर तिथे वाद न घालता नंतर एकटीला सांगा, "माझ्यावर चीड, पण मला खोटी ठरवू नकोस."