स्लोगनमधून आधी ‘जुनी’ काढा

प्रश्न: आम्ही काही जण मिळून जुन्या पुस्तकांची अदलाबदल सुरू करतोय. एखादं स्लोगन सुचवा ना, असं की घेणाऱ्याला सेकंड-हँड घेतोय म्हणून कमीपणा वाटू नये, उलट आपण हुशारी केली असं वाटावं.

जाहिरातीचा मजकूर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे आणि अशाच एका अदलाबदलीसाठी मी फुकटात स्लोगन लिहून दिलं होतं, ते सपशेल आपटलं होतं, त्यामुळे आधी तेच सांगतो.

आमचं पहिलं स्लोगन होतं ‘जुनी पुस्तकं, नवे वाचक’. ऐकायला बरं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात लोकांनी काय आणलं तर अभ्यासक्रम बदलून गेलेली गाइडं, दिवाळखोरीत गेलेल्या सॉफ्टवेअरची मॅन्युअलं, कव्हर नसलेली मासिकं, आणि एका बाईंनी तर अर्धी लिहिलेली डायरी आणून दिली. आम्ही वैतागलो, पण त्यांची चूक काय? आम्हीच बोर्डावर लिहिलं होतं ‘जुनी पुस्तकं’, लोकांनी घरातलं जुनं काढून आणलं. म्हणजे रद्दीच. आणि शेल्फवर एकदा रद्दी दिसली की खाली कितीही हुशार वाक्य लिहा, घेणारा नाक मुरडतोच.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली. दुकानाचं स्लोगन फक्त घेणाऱ्याशी बोलतं. अदलाबदलीचं स्लोगन देणाऱ्याशीही बोलतं, आणि काय यायचं ते तेच ठरवतं. कमीपणाची भावना घालवायची तर ती निम्मी देणाऱ्याच्या बाजूने घालवावी लागते.

मग शब्द बदलायचं ठरलं. ‘वापरलेली’ नको, कारण वापरलेलं म्हटलं की झिजलेलं हेच डोळ्यासमोर येतं. ‘पुनर्वापर’ तर सरकारी फलकावरचा शब्द, तो वाचून कोणाला पुस्तक उचलावंसं वाटेल असं मला तरी वाटत नाही. मराठीत एक शब्द मात्र आपल्या बाजूने आहे, तो म्हणजे ‘वाचलेलं’. पुस्तक वाचलेलं असणं हा काही डाग नाही, उलट कोणीतरी ते शेवटपर्यंत नेलंय याची ती खूणच झाली. वापरलेला टॉवेल आणि वाचलेलं पुस्तक यात हाच फरक आहे.

टॉवेलवरून आठवलं. २००८ साली अमेरिकेत गोल्डस्टाईन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांनी एक अभ्यास छापला होता, हॉटेलातल्या पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरावा यासाठी कोणतं कार्ड चालतं ते बघायला. ‘पर्यावरण वाचवायला मदत करा’ या नेहमीच्या कार्डाने साधारण ३७ टक्के लोकांनी टॉवेल परत वापरला, आणि ‘याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेक पाहुण्यांनी वापरला’ असं लिहिलेल्या कार्डाने साधारण ४९ टक्के. खोली तीच, टॉवेलही तसाच, फक्त आपल्या आधी इथे होता त्या माणसाचा उल्लेख. आपल्याकडे तर तो आधीचा माणूस प्रत्येक पुस्तकात बसलेलाच असतो! म्हणून ‘झाडं वाचवा’ छापाची ओळ बोर्डावर लिहू नका असं माझं स्पष्ट मत आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

बरं, ‘वाचणे’वर कोटी करायचा मोह सगळ्यांना होतो, ‘पुस्तक वाचलं, पैसेही वाचले’. मीही केली, सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवशी मीच खोडली. कारण पैशाचं नाव निघालं की घेणारा मनात म्हणतो, म्हणजे परवडत असतं तर नवं घेतलं असतं. तुम्हाला नेमकं तेच नकोय. ‘जुनं असलं तरी’, ‘कमी खर्चात’, ‘नव्यासारखं’ हे सगळं याच खड्ड्यात जातं. माझी एक साधी चाचणी आहे, स्लोगनच्या आधी मनातल्या मनात ‘नवं परवडत नाही म्हणून’ असं जोडून वाचा, वाक्य सहज पुढे गेलं तर ते फेकून द्या.

शेवटी जे टिकलं ते हे:

वाचून झालेलं द्या, वाचायचं राहिलेलं घ्या.

यात जुनं-नवं हा विषयच येत नाही. ‘अरे ते वाचायचं राहिलंय’ हे आपण सगळेच म्हणतो, आणि प्रत्येकाच्या डोक्यात असं एकतरी पुस्तक असतं, म्हणजे घेणारा त्याच्या राहिलेल्या कामासाठी येतो, स्वस्त काहीतरी शोधायला नाही. आणि देणाऱ्याला गुपचूप सांगून झालं की बाबा, स्वतः वाचलेलं आण. हे लावल्यावर गाइडं एकदम बंद झाली असं नाही, पण कादंबऱ्या आणि प्रवासवर्णनं यायला लागली, आणि कोणी गाइड आणलंच तर बोर्डाकडे बोट दाखवून हसत परत देता यायला लागलं. (परीक्षेच्या पुस्तकांना ही ओळ बसत नाही. त्यांचं शेल्फ वेगळं करा, तिथे ‘मी पास झालो, आता तुम्ही’ चालेल, फक्त आवृत्ती चालू अभ्यासक्रमाची आहे ना ते बघून ठेवा.)

शेल्फवर आणखी एक केलं. देणाऱ्याला एक चिठ्ठी द्यायची, त्यावर एकच ओळ, ‘यात मला काय आवडलं’, आणि ती पुस्तकातून वर डोकावेल अशी ठेवायची. एका जाड रहस्यकथेत कोणीतरी लिहिलं होतं, ‘पान १४० पर्यंत दम धरा, मग झोप विसरा’. ते पुस्तक त्याच दिवशी गेलं. कोऱ्या पुस्तकात अशी चिठ्ठी असूच शकत नाही ना! ज्याला एक ओळही लिहावीशी वाटत नाही त्याचं पुस्तक बहुतेक वेळा रद्दीच असतं, म्हणजे चाळणी आपोआप लागते.

तुम्ही दुसरं काही लिहिलंत तरी एक करा, सहासात जणांना ते फक्त तोंडी सांगा आणि दुसऱ्या दिवशी विचारा काय होतं ते. लोक जिथे शब्द बदलतात तिथे ओळ कच्ची असते. आमच्या ओळीचं बहुतेकांनी ‘झालेलं द्या, राहिलेलं घ्या’ करून टाकलं, आम्ही खूश, म्हटलं छोटं झालं, पिशवीवर हेच छापू. नशीब छापायच्या आधी एका मैत्रिणीने विचारलं, ‘राहिलेलं म्हणजे उरलंसुरलं का रे?’ झालं, दोन शब्द काढले आणि जो वास घालवायला एवढी धडपड केली तोच परत आला. त्यामुळे बोर्डावर पूर्ण ओळ ठेवली आणि पिशवीवर नुसता प्रश्न छापला, ‘काय वाचायचं राहिलंय?’